वाकडं मैदान, एक टेप आणि ४८ मुलं: नकाशाप्रमाणाचा पाठ

प्रश्न: «आठवीला नकाशाप्रमाण फळ्यावर शिकवून झालं. गणितं मुलं बरोबर सोडवतात, पण नकाशा समोर ठेवला की गोंधळतात. शाळेचं मैदान मोजून कागदावर काढून घ्यावं म्हणतेय. वर्गात ४८ मुलं, टेप एकच, ३० मीटरचा. मैदान धड आयतसुद्धा नाही. नियोजन कसं करू? – सोलापूर»

मॅडम, मैदान आयत नाही हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. आयत असतं तर मुलं लांबी-रुंदी मोजून, चौकट आखून मोकळी झाली असती. वाकड्या मैदानात चारही बाजू मोजल्या तरी आकार पक्का होत नाही, आणि हा पेच मुलांना कागदावर स्वतः सोडवावा लागतो. प्रमाण खरं कळतं ते तिथेच.

चार तासिका धरा. पहिली वर्गात, दुसरी-तिसरी जोडून मैदानावर, चौथी पुन्हा वर्गात. मैदानाच्या तासिका सकाळच्या पहिल्या दोन मागून घ्या. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की उन्हात मुलं आकडे वाचण्यापेक्षा सावली शोधतात. डिसेंबर किंवा जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतरचे दिवस उत्तम.

पहिल्या तासिकेत टेप बाहेर काढूच नका. आधी प्रमाण ठरवायचं. व्हरांड्यात २० मीटर अंतर आखून ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या नेहमीच्या चालीने पावलं मोजायला लावा. समजा एकाची ३१ पावलं झाली, तर त्याचं पाऊल साधारण ६५ सेंटिमीटरचं. मग मधल्या सुट्टीत तोच मुलगा मैदानाची लांब बाजू चालून येतो, ९७ पावलं भरतात, म्हणजे ६३ मीटरच्या आसपास. आता विचारा, ही बाजू ए-फोर कागदावर बसवायची तर १ सेंटिमीटरला किती मीटर धरायचे? पहिलं उत्तर हमखास '१ मीटर' येतं. काढू द्या. '६३ सेंटिमीटर? कागद पुरंना की!' हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. १० मीटर धरले तर बाजू सव्वासहा सेंटिमीटरची होते आणि पाण्याची टाकी, झाड, झेंड्याचा कट्टा एकमेकांवर चढतात. अडीच मीटर धरले तर बाजू कागदावर बसते, पण कर्णाला ३० सेंटिमीटरची पट्टीही पुरत नाही. मग ५ मीटरवर गाडी येते. १ सेंटिमीटरला ५ मीटर.

हेच संख्येत लिहायला सांगा, निम्मा वर्ग १:५ लिहील. खोडू नका. '१:५ म्हणजे कागदावरच्या १ सेंटिमीटरला जमिनीवर किती सेंटिमीटर?' एवढंच विचारा. डावीकडे सेंटिमीटर तर उजवीकडेही सेंटिमीटरच हवेत, म्हणून ५ मीटरचे ५०० आणि प्रमाण १:५००. फळ्यावरच्या गणितात हे रूपांतर मुलं पाठांतराने करतात. इथे १:५ ने काढलेलं मैदान कागदावर साडेबारा मीटरचं होईल, म्हणजे वर्गाच्या भिंतीबाहेर जाईल, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं.

त्याच तासिकेत आणखी एक गोष्ट उरकून घ्या, कारण पुढचा बराच वेळ ती वाचवते. चांगली टोक केलेली पेन्सिलसुद्धा साधारण अर्ध्या मिलिमीटरची रेघ मारते. १:५०० मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ सेंटिमीटर. म्हणजे टेप १० सेंटिमीटरपर्यंत वाचला तरी पुष्कळ झालं. ६२.४३ मीटर लिहून आणणाऱ्या हुशार मुलाला एवढंच विचारायचं, 'हे शेवटचे तीन सेंटिमीटर कागदावर कुठे दाखवणार?' किती बारीक मोजायचं हे प्रमाण ठरवतं, टेप नाही. पाठ्यपुस्तकी गणितात हा मुद्दा येतच नाही, म्हणून मी त्यावर दहा मिनिटं सरळ खर्च करतो.

आता मैदान. चार कोपऱ्यांवर फक्कीने खुणा करा आणि त्यांना अ, ब, क, ड नावं द्या. चार बाजू आणि दोन कर्ण मिळून सहा रेषा होतात. ४८ मुलांचे आठ-आठचे सहा गट करा, प्रत्येक गटाला टेपने एक रेषा. एका रेषेला सहा-सात मिनिटं धरली तर एका टेपवर काम निभतं. टेप दुसऱ्या गटाकडे असताना बाकीच्यांनी सहाही रेषा पावलांनी मोजून लिहायच्या. हा वेळकाढूपणा नाही, त्याचा उपयोग पुढे सांगतो. दोरीला गाठी मारून दुसरा टेप बनवायचा मोह होईल, पण नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ओढली की लांबते.

टेप मैदानात नेण्याआधी दोन गोष्टी बघा. शून्य कडीच्या टोकापासून धरलाय की कडीनंतर, हे प्रत्येक टेपचं वेगळं असतं. आणि बऱ्याच टेपांच्या एका बाजूला मीटर तर दुसऱ्या बाजूला फूट-इंच असतात. उलटा धरलेला टेप मुलं बिनधास्त वाचतात.

शिक्षक ओरडतात ते 'टेप ताठ धरा' म्हणून. धरावाच, पण ३० मीटरचा टेप मध्ये अर्धा मीटर झोळला तरी फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा पडतो. मधोमध एक मीटर बाजूला सरकला तरी सहा-सात सेंटिमीटर. दोन्ही आपल्या पेन्सिलीच्या रेघेत बुडून जातात. खरी चूक होते ती अख्खा टेप मोजायचा विसरण्यात. म्हणून टेप पूर्ण ताणला की तिथे एक मोठा खिळा रोवायचा, आणि मागचं टोक पुढे येताना मागच्या मुलाने तो उचलून खिशात टाकायचा. शेवटी खिशात जितके खिळे तितके ३० मीटर. त्यात शेवटच्या खिळ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं उरलेलं अंतर मिळवायचं.

उदाहरण म्हणून असं एक मैदान घ्या: अब ६२.४ मीटर, बक ४१.०, कड ५८.८, डअ ४४.६. कर्ण अक ७२.८ आणि कर्ण बड ७५.५. सगळ्या आकड्यांना ५ ने भागलं की कागदावरचे सेंटिमीटर मिळतात: १२.५, ८.२, ११.८, ८.९ आणि कर्ण १४.६, १५.१.

आधी फक्त चार बाजूंवरून आकृती काढायला सांगा. प्रत्येक गटाची वेगळी येईल, कुणाची डावीकडे कललेली, कुणाची उजवीकडे, आणि प्रत्येकाच्या बाजू बरोबर! आता कर्ण द्या. अब रेघ मारायची, अ वरून १४.६ आणि ब वरून ८.२ चे कंस काढायचे, छेदतात तिथे क. मग अ वरून ८.९ आणि क वरून ११.८, तिथे ड. कंपासपेटीतला कंपास १४.६ पर्यंत बहुधा उघडत नाही. जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापा, मोजून दोन भोकं पाडा, एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल. छान चालतं.

दुसरा कर्ण बड मात्र काढायला वापरायचा नाही. तो तपासणीसाठी राखून ठेवायचा. आकृती पूर्ण झाली की पट्टीने बड मोजा. १५ ते १५.२ आला तर काम चोख. तीन-चार मिलिमीटरचा फरक म्हणजे जमिनीवर दीड-दोन मीटर. तो पेन्सिलीचा दोष नसतो, एखादा आकडा चुकीचा वाचला गेलेला असतो.

समजा कड मोजताना एक टेप सुटला आणि ५८.८ ऐवजी २८.८ लिहिले गेले. कंस तरीही छेदतात! ५.८ आणि ८.९ ची बेरीज १४.७, कर्णापेक्षा केसभर जास्त. त्यामुळे ड कर्णाला जवळजवळ चिकटून येतो, चौकोनाचा त्रिकोण झाल्यासारखा दिसतो आणि बड १५.१ ऐवजी ८ च्या आसपास भरतो. आता पावलांची वही उघडायला सांगा. कड ला नव्वदच्या आसपास पावलं लिहिलेली असतील आणि टेप २८.८ म्हणत असेल, तर खोटं कोण बोलतंय ते मुलंच सांगतील.

झाड, टाकी, झेंड्याचा कट्टा दाखवायला काटकोन वगैरे शिकवत बसू नका. कुठल्याही दोन कोपऱ्यांपासून अंतर मोजलं की झालं. झाड अ पासून २१.१ आणि ब पासून ४५.७ मीटर असेल तर कागदावर ४.२ आणि ९.१ चे कंस, छेदतात तिथे झाड. शीर्षक, सूची आणि होकायंत्र बघून उत्तरेचा बाण मुलं झटपट काढतात.

चौथ्या तासिकेत रेषाप्रमाण काढून घ्या: ४ सेंटिमीटरची रेघ, दर सेंटिमीटरला ०, ५, १०, १५, २० मीटर. मग सगळ्यात नीट आलेल्या नकाशाची ७० टक्क्यांवर लहान केलेली झेरॉक्स काढून आणा, एका गटाला एक. सांगा, यावरून अब किती मीटर ते काढा. कागदावर आता ८.७ सेंटिमीटर भरतील. '१ सेंटिमीटरला ५ मीटर' वाचणारे ४४ मीटर सांगतील, रेषाप्रमाणावर कागदाची पट्टी धरणारे ६२ सांगतील. वर्गात वाद होऊ द्या. झेरॉक्सच्या यंत्राला शब्द आणि आकडे लहान करता येतात, त्यांचा अर्थ नाही. रेषा मात्र नकाशाबरोबरच आखडते.

लगेच सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा दाखवता आला तर दाखवा. त्यावर हीच अब बाजू सव्वा मिलिमीटरची. बृहत् प्रमाण कुठलं असं विचारलं की ५०,००० हा आकडा मोठा म्हणून मुलं तिकडे बोट दाखवतात. एक पंचशतांश मोठा की एक पन्नास हजारांश, हे साडेबारा सेंटिमीटर आणि सव्वा मिलिमीटर शेजारी ठेवल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

गुण देताना नकाशाच्या सुबकपणाला मी फार भाव देत नाही. मुलांनी कधीच न मोजलेलं एखादं अंतर घ्या, समजा झाडापासून झेंड्याच्या कट्ट्यापर्यंत. आधी नकाशावरून काढून लिहायला लावा, मग बाहेर नेऊन टेपने मोजा. अर्ध्या मीटरच्या आत आलं तर पूर्ण गुण, एका मीटरच्या आत आलं तर निम्मे. आणि वेळ उरलाच तर मोठ्या गटाच्या खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं मैदान याच प्रमाणात कागदाचं कापून नकाशावर सरकवू द्या, झाड न तोडता कुठे बसतं ते बघायला. तुमचे क्रीडाशिक्षकही डोकावतील, टेप तसाही त्यांच्याकडूनच आणलेला असणार.