१८२ कोटींमधले तुमचे किती?

"मुलुंडला खासगी बँकेत सहा वर्षं रिलेशनशिप मॅनेजर आहे. कॅनडाचा पीआर आलाय, मार्चमध्ये टोरांटोला निघतोय. रेझ्युमेत १८२ कोटींचा पोर्टफोलिओ, इन्शुरन्सचं १३० टक्के टार्गेट, एनआयएसएम, सगळं टाकलंय. तीसेक अर्ज केले, एकाही बँकेचं उत्तर नाही. काय कमी पडतंय?"

मी पार्ल्याच्या शाखेत हेच काम करून इथे कॅनडात आले. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझ्या पोर्टफोलिओच्या आकड्याखाली पेनाने रेघ ओढली आणि विचारलं, "हे ग्राहक तुमच्याकडे आले, त्या दिवशी हा आकडा किती होता?" मला सांगता आलं नाही, आणि ती मुलाखत तिथेच संपली. मॅप होऊन मिळालेलं बुक, म्हणजे बँकेनेच आयते आपल्या नावावर टाकलेले ग्राहक आणि त्यांचा पैसा, काय असतं इथल्या बँकवाल्यांनाही पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे नुसत्या मोठ्या आकड्याने कोणी दिपत नाही.

म्हणून तो १८२ चा आकडा आधी सोडवून दाखवा. समजा, गेल्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला तुमचं बुक १४० कोटींचं होतं. वाढ झाली ४२ कोटींची. त्यातले १५ कोटी राजीनामा देऊन गेलेल्या सहकाऱ्याची कुटुंबं तुमच्याकडे मॅप झाल्यामुळे आले. १६ कोटी आधीच्याच म्युच्युअल फंडांच्या एनएव्ही वाढल्या म्हणून वाढले. उरले ११ कोटी: कुणी दुसऱ्या बँकेतली एफडी मोडून आणली, कुणी फ्लॅट विकून पैसे ठेवले. हे तुमचे. १४० वर ११ म्हणजे वर्षात जवळजवळ ८ टक्के नवा पैसा, आणि हे काम चांगलं आहे. रेझ्युमेत लिहा: इतकी कुटुंबं, सुरुवातीचं बुक इतकं, त्यावर निव्वळ नवा पैसा इतका. कोटी हा शब्द इथे कळत नाही, तेव्हा डॉलरमध्ये लिहा आणि कुठला दर धरला तेही कंसात द्या. ६० रुपयांचा कॅनेडियन डॉलर धरला तर ११ कोटी म्हणजे सुमारे १८ लाख डॉलर होतात.

इन्शुरन्सची ओळ मात्र वरून काढाच. ती तुमची सगळ्यात जोरदार ओळ आहे, हे मला कळतं. मार्च एंडला त्या टार्गेटसाठी आपण काय काय केलंय तेही आठवतं. पण कॅनडाच्या बँक कायद्यानुसार बँकेच्या शाखेत जीवन विमा विकताच येत नाही. कर्जाला जोडलेलं संरक्षण, प्रवास विमा असे मोजकेच प्रकार चालतात. तुमचा अर्ज वाचणाऱ्याच्या शाखेत ते उत्पादनच नसतं, मग १३० टक्क्यांचं तो काय करणार? शिवाय जून २०२२ पासून ग्राहकाच्या परिस्थितीला योग्य असेल तेच उत्पादन देण्याची जबाबदारी कायद्याने बँकेवर टाकली आहे. नुसतं "टार्गेटच्या इतकं वर" हे वाचून इथे शंका येते. त्याऐवजी एका कुटुंबाकडे आधी किती उत्पादनं होती आणि नंतर किती झाली, सुरू केलेल्या एसआयपींपैकी वर्षानंतर किती चालू राहिल्या, गृहकर्जाचे किती ग्राहक पाठवले आणि त्यातली किती कर्जं मंजूर झाली, हे द्या. चालू राहिलेली एसआयपी सांगते, की तुम्ही ग्राहकाच्या गळ्यात काही मारलं नव्हतं.

आता प्रमाणपत्र. एनआयएसएमची पाचवी-ए परीक्षा आणि फंड विकणाऱ्याला मिळणारा तुमचा ईयूआयएन क्रमांक यांवर इथे फंड विकता येत नाही. एका ओळीत ठेवा, पण त्यावर विसंबू नका. इथे 'इन्व्हेस्टमेंट फंड्स इन कॅनडा' किंवा 'कॅनेडियन इन्व्हेस्टमेंट फंड्स कोर्स' यांसारखी एक मान्य परीक्षा लागते. लोक फसतात ते पुढच्या पायरीवर. पास झालात म्हणजे परवाना मिळाला, असं नाही. नोंदणी नोकरी देणारी कंपनीच करते, तीही प्रांतवार. तेव्हा रेझ्युमेत स्वतःला "लायसन्स्ड" म्हणवून घेऊ नका. "परीक्षा उत्तीर्ण, महिना-वर्ष, नोंदणीसाठी पात्र" एवढंच लिहा. महिना-वर्ष अशासाठी, की साधारणपणे पास झाल्यापासून ३६ महिन्यांच्या आत नोंदणीचा अर्ज व्हावा लागतो. तुम्ही मार्चमध्ये निघताय, तर अभ्यास आताच सुरू करा. शाखेतल्या बऱ्याच जागांच्या जाहिरातीत ही परीक्षा आधीच झालेली हवी असते, आणि तुमचे तीस अर्ज बहुधा तिथेच गळले असावेत.

रिलीव्ह होण्याआधी तुमच्या अप्रेझलमधले एकूण आकडे वहीत उतरवून घ्या: सुरुवातीचं बुक, मॅप होऊन आलेलं, नवा पैसा, कुटुंबांची संख्या. फक्त बेरजा. ग्राहकांची नावं किंवा एक्सेल शीट स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तसं करणाऱ्या एकाचं रिलीव्हिंग लेटर अडकलेलं मी पाहिलंय, आणि इथे पार्श्वभूमी तपासताना पहिल्यांदा तेच पत्र मागतात.