टेरिटोरियल आर्मीत गेला, तर बँकेतल्या नोकरीचं काय?

प्रश्न: मुलगा २७ वर्षांचा, मुंबईत एका खासगी बँकेत आहे. टेरिटोरियल आर्मीच्या अधिकारीपदाचा फॉर्म भरायचा म्हणतो. उद्या युद्ध पेटलं आणि याला बोलावलं, तर हातची नोकरी जाईल का? – एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, त्याला आधीच नोकरी सोडू देऊ नका. अधिकारी होण्यासाठी पदवी आणि १८ ते ४२ वय लागतं, तशीच स्वतःची कमाईही लागते. ही सेना पोटापाण्याचा धंदा सांभाळून वर्दी घालणाऱ्यांचीच आहे.

१९४८च्या कायद्यानुसार या जवानांना मुख्यतः दोन कारणांसाठी बोलावतात. एक, मुलकी प्रशासनाच्या मदतीला किंवा महत्त्वाच्या ठिकाणांच्या पहाऱ्याला. दुसरं, नियमित सैन्याला जोड द्यायला. या दुसऱ्या प्रकाराला सैन्यात ‘एम्बॉडिमेंट’ म्हणतात.

मे २०२५चं उदाहरण घ्या. ६ मेच्या अधिसूचनेनं केंद्रानं नियम ३३खाली लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीतल्या कुणालाही बोलावण्याचा अधिकार दिला. बातमी ऐकून अनेक घरांत धडकी भरली. पण त्याच आदेशात ३२ पायदळ बटालियनपैकी १४च सेवेत बोलवायच्या होत्या आणि त्याही निधी उपलब्ध असेल तरच. म्हणजे अधिकार सर्वांवर होता, पण सगळेच निघाले असं नाही. मात्र ज्या बटालियनचा हुकूम निघतो, तिच्यातल्या माणसाला जावंच लागतं. शिवाय त्या आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८पर्यंत होती, त्यामुळे बोलावणं आठवड्याभराचंच असेल असं धरून चालू नका.

नोकरीबाबत कायद्याचं कलम ७अ तुमच्या बाजूनं आहे. सेवा संपल्यावर मालकानं त्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत घ्यायचं असतं. नाही घेतलं तर सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पण तो अधिकारी परत घ्यायला लावण्याऐवजी सहा महिन्यांच्या पगारापर्यंतची भरपाईही ठरवू शकतो. तेव्हा कायद्याचं हे कवच अभेद्य नाही.

माझ्या मते खरी ओढाताण युद्धात नव्हे, शांततेत होते. पहिल्या वर्षी एक महिना प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं कमिशननंतरचं प्रशिक्षण. सगळं धरलं तर दोन वर्षांत सुमारे आठ महिने तो बँकेत नसेल. मार्चअखेरीला टार्गेट तोंडावर असताना कॅम्पची तारीख आली, तर मॅनेजर कपाळाला हात लावणारच. सेनेचा पगार प्रशिक्षण आणि सेवेच्या दिवसांचाच मिळतो. फ्लॅटचा हप्ता बाकीच्या महिन्यांत बँकेच्याच पगारातून भरायचा आहे.

म्हणून फॉर्म भरण्याआधी त्यानं एचआरला ईमेल करून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कॅम्पच्या काळात रजा कोणती धरणार, त्या काळात पीएफ आणि मेडिक्लेम चालू राहणार का, आणि परतल्यावर त्याच ग्रेडवर घेणार का. उत्तर नुसतं तोंडी मिळालं, तर पुन्हा ईमेल करायला सांगा.