चॅटबॉटनं काढलेल्या गरजांवर कोटेशन?

प्रश्न: सोलापुरातल्या टॉवेल कारखानदाराच्या सॉफ्टवेअरच्या गरजा चॅटबॉटनं विचारून घेतल्यात. त्या सारांशावरून थेट कोटेशन देऊ का?

थेट देऊ नका. आधी प्रत्येक गरजेपुढे मालकाचं मूळ वाक्य मागा. असे बॉट न बोललेलंही बेमालूम भरतात. आमचं गिऱ्हाईक एवढंच म्हणालं होतं, "सूत किती शिल्लक ते कळलं पाहिजे." सारांशात आलं, 'मोबाइलवर क्षणोक्षणी साठा'. मालकाला संध्याकाळचा आकडा पुरेसा होता. म्हणून बॉटला सूचनाच द्या: ज्या ओळीला मूळ वाक्य नाही, ती 'विचारायचे प्रश्न' यात टाक. मात्र मालकानं विषयच काढला नाही, तर तो यातूनही सापडत नाही. सूत किलोत येतं, टॉवेल डझनात जातात. मधली घट कुठे धरायची, हे आम्हाला कारखान्यातली वही बघूनच कळलं.