वरच्या मजल्याला पाठवायचा मेसेज

*ताई, आम्ही इंदूरला एका मल्टीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. वर तिशीतलं मराठी जोडपं आहे. रात्री साडेअकरानंतर त्यांच्या होम थिएटरची धडधड आमच्या झोपायच्या खोलीत येते. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, झोप मोडली की पुन्हा लागत नाही. मी मेसेज लिहून ठेवलाय: ‘खाली माणसं राहतात याची काही जाणीव आहे का? रोजचा तमाशा झालाय, सगळे कंटाळलेत.’ पाठवू का? गणपतीत आरती एकत्र करतो, संबंध तुटायला नकोत.*

हा मजकूर पाठवू नका. त्रास खरा आहे, पण यातला एकेक शब्द त्यांना आवाजाचा विषय टाळायची सोय करून देतो. ‘जाणीव’ म्हटलं की वाद त्यांच्या स्वभावावर जातो. ‘रोज’ म्हटलं की मंगळवारी आम्ही घरीच नव्हतो, असं उत्तर येतं. ‘सगळे’ म्हटलं की कोण कोण, याची चौकशी सुरू होते, आणि स्पीकर तसाच राहतो.

तुमच्या घरी पोहोचतो तो बहुधा वूफरचा बास. संवादांचा आवाज स्लॅबमध्ये बराचसा अडतो, पण बासचा कंप जमिनीवर ठेवलेल्या वूफरमधून स्लॅबमध्ये आणि भिंतींत उतरतो. म्हणून वर आवाज बेताचा वाटत असतानाही खाली धडधड होते. त्यांना हे ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त, आणि मेसेजमध्ये तसं म्हटलं की त्यांना मान खाली न घालता ऐकता येतं. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मात्र पुरावा म्हणून पाठवू नका. फोनच्या छोट्या स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि ‘यात तर काहीच नाही’ असं ते खरेपणाने म्हणतील.

चार-पाच रात्री तारीख, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ वहीत लिहा. मग हे पाठवा:

“दादा, नमस्कार. काल आणि परवा रात्री साडेअकरापासून एक वाजेपर्यंत तुमच्या वूफरची धडधड आमच्या बेडरूममध्ये येत होती. संवाद ऐकू येत नाहीत, फक्त बास येतो, त्यामुळे वर ते लक्षात येत नसणार. आईंची झोप मोडते आणि त्यांना परत झोप लागत नाही. रात्री साडेदहानंतर वूफर बंद ठेवा, ही विनंती. पिक्चर जरूर बघा, टीव्हीच्या आवाजाची आम्हाला अडचण नाही. एकदा वूफर चालू ठेवून खाली येऊन ऐका, म्हणजे अंदाज येईल. रविवारी सकाळी या, चहाही होईल.”

‘जमलं तर’ आणि ‘त्रासाबद्दल सॉरी’ यात घालू नका. पहिल्याने विनंती ऐच्छिक होते, दुसऱ्याने चूक तुमची ठरते. उशिरापर्यंत जागण्याबद्दलही अवाक्षर नको. सराफ्यात खाऊन मध्यरात्री परतणाऱ्या शहरात ते कुणाला पटणार नाही, आणि तुमची तक्रार जागण्याची नाहीच.

मेसेज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवा, रात्री धडधड चालू असताना नको. जो स्पीकर लावतो त्यालाच पाठवा, वहिनींना निरोप्या करू नका. मल्टीच्या ग्रुपवर तर अजिबात नको, चारचौघांत बोलल्यावर माणूस आधी अब्रू सांभाळतो.

ते खाली आलेच तर उपाय तिथेच सुचवा. बहुतेक वूफरला आवाजाचं वेगळं बटण असतं, ते साडेदहानंतर शून्यावर. वूफर कोपऱ्यातून हलवला की बास कमी होतो, खाली जाड रबर किंवा फोम घातला की स्लॅबमध्ये कंपन कमी उतरतं. एवढ्याने धडधड पूर्ण जाणार नाही, म्हणून वेळेची अट सोडू नका.

‘बघतो’ एवढंच उत्तर आलं आणि आठवड्याभरात पुन्हा तसंच झालं, तर दुसरा मेसेज आखूड लिहा: “दादा, शनिवारी आणि सोमवारी पुन्हा बारा वाजेपर्यंत वूफर चालू होता. साडेदहानंतर तो बंदच हवा. आज संध्याकाळी सात वाजता वर येऊन बोलते.” आणि सातला जा. वही सोबत असू द्या.

कायद्याचा धाक घालायचा मोह होईल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण दहानंतर स्पीकर लावणंच बेकायदा, असं मेसेजमध्ये लिहू नका. बंद खोलीतल्या स्पीकरला ती बंदी तशी लागू नाही, आणि तुमचं एक वाक्य चुकलं की बाकीची खरी वाक्यंही पडतात. वर जाऊनही फरक पडला नाही, तर रहवासी संघाच्या अध्यक्षांना वहीतल्या नोंदींसह लेखी द्या, आणि दिल्याचं दादांना आधी सांगा.