अठरा लाखांची ऑफर: आणखी मागावं का?

प्रश्न: मी चिंचवडला राहतो, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. या कंपनीत 4 वर्षं 4 महिने झाले, सीटीसी 14 लाख. शुक्रवारी दुसऱ्या कंपनीकडून 18 लाखांचं ऑफर लेटर मेलवर आलं, बुधवारपर्यंत उत्तर द्यायचंय. राजीनामा अजून दिलेला नाही, नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. 20 लाख मागू का? ऑफर काढून घेतली तर? बायको म्हणते, मिळतंय ते घ्या. दोन्हीकडचे ब्रेकअप सोबत जोडले आहेत.

उत्तर: मागा, पण 20 लाख मागू नका. त्याचं कारण तुम्ही जोडलेल्या ब्रेकअपमध्येच आहे.

14 चे 18 म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के वाढ, असं वरवर दिसतं. आता आतले आकडे बघा. सध्या तुमचं बेसिक महिना 58,000 आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि 60,000 व्हेरिएबल वजा केलं की फिक्स्ड उरतं वर्षाला 12 लाख 23 हजार. नव्या ठिकाणी बेसिक 75,000. तिथे पीएफ 1 लाख 8 हजार, ग्रॅच्युइटी 43 हजार, मेडिक्लेमचे 15 हजार आणि व्हेरिएबल तब्बल 2 लाख 70 हजार वजा केले, की फिक्स्ड राहतं 13 लाख 64 हजार. म्हणजे खात्रीची वाढ साडेअकरा टक्के. बेसिक वाढल्यामुळे तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफही वाढणार. तो पैसा तुमचाच आहे, पण हातात येत नाही. कर धरायच्या आधीच महिन्याला जेमतेम 9,700 रुपये जास्त हातात पडतील.

शिवाय 4 वर्षं 4 महिन्यांत 90 दिवसांची नोटीस मिळवली तरी 4 वर्षं 7 महिनेच होतात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी 5 वर्षं लागतात. 4 वर्षं 240 दिवस पुरेसे मानणारे न्यायालयीन निकाल आहेत, पण तुम्ही तिथवरही पोचत नाही. पाच वर्षं पुरी केली असती तर 58,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 1 लाख 67 हजार मिळाले असते, तेही करमुक्त. ते तुम्ही सोडून जाताय, आणि पहिल्या वर्षाची फिक्स्डमधली वाढ आहे 1 लाख 41 हजार.

म्हणून सीटीसीचा आकडा बाजूला ठेवा आणि फिक्स्डवर बोला. माझ्या मते मागणी 15 लाख 25 हजार फिक्स्डची करावी आणि 14 लाख 50 हजारांच्या खाली मनातून उतरू नये. हा खालचा आकडा फोन करण्याआधी बायकोसोबत बसून ठरवा आणि कागदावर लिहा. फोनवर समोरची व्यक्ती गोड बोलायला लागली की मनातला आकडा हलतो.

लेखी ऑफर हातात आहे, होकार दिलेला नाही आणि राजीनामाही टाकलेला नाही. बोलण्याची योग्य वेळ हीच. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास एचआरला फोन करा. बुधवारी संध्याकाळी मागितलंत तर वर मंजुरी घ्यायला त्यांना वेळच उरत नाही आणि 'नाही' म्हणणं सर्वांत सोपं होतं.

बोलताना घराचा हप्ता, मुलांची फी, महागाई यातलं काहीही काढू नका. ते तुमचे खर्च, त्यांच्या बजेटशी त्याचा संबंध नाही. दुसरी ऑफर असल्याची थापही नको, लेटर पाठवा म्हणाले की पंचाईत. सध्याचा पगार फुगवून सांगायचा तर प्रश्नच नाही, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा बहुतेक ठिकाणी मागतातच.

तुमच्याकडे विकण्यासारखी एक गोष्ट आहे आणि बरेच उमेदवार ती विसरतात. 90 दिवसांच्या नोटीस पिरियडमुळे एचआरला धाकधूक असते, की हा माणूस आमची ऑफर दाखवून तिसरीकडे जाईल आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी फोन बंद ठेवेल. त्यांना हवी असते खात्री. ती तुम्ही देऊ शकता. बोलणं इंग्रजीत होईल किंवा हिंदीत, आशय असा ठेवा:

"ऑफरबद्दल आभार, काम मला आवडलंय आणि मला यायचंय. ब्रेकअप नीट बघितला. 18 मधले 2 लाख 70 हजार व्हेरिएबल आहेत, त्यामुळे फिक्स्डमधली वाढ साडेअकरा टक्केच होते. फिक्स्ड 15 लाख 25 हजार झालं, तर सुधारित लेटर आल्याच्या दिवशी मी सही करतो आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकतो."

एवढं बोलून थांबा. शांतता अवघडल्यासारखी वाटेल, पण ती मोडायला "नाहीतर थोडं कमी चालेल" असं स्वतःहून म्हणू नका. "पंधरा ते सव्वापंधरा" अशी रेंजही देऊ नका, समोरच्याला त्यातला खालचाच आकडा ऐकू येतो. फोन झाला की तेच चार ओळींत मेल करा, कारण मंजुरी देणारा माणूस वेगळा असतो आणि त्याच्याकडे तो मेलच पुढे जातो.

"विचारून सांगते" असं उत्तर आलं तर दार उघडं आहे. "या ग्रेडला फिक्स्ड यापेक्षा जास्त बसत नाही" असं आलं तर फिक्स्ड सोडा आणि दुसरी, शेवटची गोष्ट काढा: "आत्ता सोडल्यामुळे माझी 1 लाख 67 हजारांची ग्रॅच्युइटी जाते, तेवढा जॉइनिंग बोनस होईल का?" एकदाच होणाऱ्या नुकसानाला एकदाच द्यायचा पैसा मंजूर करणं कंपनीला सोपं जातं, कारण त्याने ग्रेडमधल्या इतरांचा पगार हलत नाही. बोनसवर कर लागेल हे धरून चला. वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याची अट असेलच. कर कापून हातात आलेली रक्कम परत करायची की पूर्ण, तेवढं वाचून घ्या.

त्यांनी वर विचारून आकडा आणला आणि "हे फायनल" म्हटलं, की थांबायचं. तिसरी मागणी नाही, व्हेरिएबलचे टक्के नाहीत, लॅपटॉप नाही. सभ्यपणे एकदा मागितलं म्हणून ऑफर काढून घेतल्याची उदाहरणं क्वचितच आढळतात. धोका वाढतो तो 'हो' म्हटल्यावर पुन्हा बोलणं उकरून काढलं की. तिथून पुढे सगळ्यांनाच तुमच्या शब्दाची शंका येते.

दोन्हींना नकार आला तर? मग माझा कौल थांबण्याकडे आहे. नम्रपणे नकार कळवा, आठ महिने काढा, ग्रॅच्युइटी खिशात घाला आणि पुन्हा बाजारात उतरा. सध्याच्या कंपनीत कपातीची कुजबुज असेल किंवा नवं काम खरंच तुम्हाला पुढच्या पायरीवर नेणारं असेल, तर गणित बदलतं. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तो निर्णय तुमच्यावर सोडतो.

आणि मान्य झालं, तर फोनवरच्या "डन"वर राजीनामा टाकू नका. सुधारित लेटर येऊ द्या, त्यात वाढ फिक्स्डच्या रकान्यात आहे की व्हेरिएबलच्या, ते बोट ठेवून बघा, मग सही करा.