‘पुल-अप’ला मराठीत काय म्हणावं, आणि तो ‘वीक’ म्हणजे नेमका किती?

प्रश्न: ‘पुल-अप रेझिस्टर’ला मराठी शब्द आहे का? इथे नेमकं काय वर ओढलं जातं? आणि ‘वीक पुल-अप’ म्हणजे कमी ओहमचा की जास्त ओहमचा? आमच्या सोसायटीच्या टाकीच्या कंट्रोलरसाठी सगळे १० के लावायला सांगतात, ते का?

उत्तर: शालेय पुस्तकांत ‘रोध’ हा शब्द आहे, त्यामुळे ‘ओढ-रोध’ असं काही जुळवता येईल. पण लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर आणि वर्कशॉपमध्ये ‘पुल-अप लाव’ हेच बोललं जातं आणि तेच सगळ्यांना कळतं. मी तो शब्द बदलणार नाही. मात्र ‘ओढ’ समजावताना जरूर वापरावा, कारण पुल-अपचं काम ओढीचंच आहे.

डिजिटल इनपुट पिनच्या आत मॉसफेटचं गेट असतं आणि ते जवळपास करंट घेतच नाही. अर्डुइनो उनोवरच्या ATmega328P चिपमध्ये पिनची गळती जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर धरलेली आहे. अशा पिनला बटण लावलं, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला दिलं, तर दाबल्यावर पिन शून्य व्होल्टला जाते हे उघड आहे. पण बटण सोडल्यावर ती कुठेच जोडलेली नसते. बोलीत आपण ‘पिन तरंगतेय’ म्हणतो. हात जवळ नेला किंवा शेजारून २३० व्होल्टची वायर गेली, तरी तिचं व्होल्टेज हलतं आणि प्रोग्रॅमला कधी १, कधी ० दिसतो.

पिन आणि ५ व्होल्टच्या मध्ये रेझिस्टर टाकला की बटण सुटं असताना पिनचं व्होल्टेज ५ व्होल्टच्या बाजूला ओढून धरलं जातं. ‘वर’ म्हणजे सप्लायच्या दिशेला, एवढाच त्याचा अर्थ. ओढ मात्र हलकी हवी, बटण दाबल्यावर हरणारी. सरळ वायर टाकली तर बटण दाबताच सप्लाय शॉर्ट होईल.

तुमचा गोंधळ ‘वीक’पाशी आहे. ओढ कमकुवत म्हणजे ओहम जास्त, ओढ जोरदार म्हणजे ओहम कमी. म्हणून ‘मोठा पुल-अप लाव’ असं कधी बोलू नये, ऐकणारा उलटं समजू शकतो. आकडाच सांगावा. चिपच्या आतला पुल-अप खालच्या ओळीने चालू होतो. ATmega328P मध्ये तो २० ते ५० किलोओहमच्या दरम्यान कुठेही असतो, म्हणून त्याला वीक म्हणतात.

```
pinMode(4, INPUT_PULLUP);
```

ही ओढ पुरेल का, ते वायरीवर ठरतं. बटण बोर्डावरच असेल तर खुशाल पुरते. तुमच्या टाकीचंच उदाहरण घेऊ. गच्चीवर फ्लोट स्विच आहे, टाकी भरली की त्याचा काँटॅक्ट मिटतो, पिन लो होते आणि पंप थांबतो. केबल डक्टमधून ३० मीटर खाली येते आणि शेजारून जिन्याच्या दिव्यांची वायर जाते. दोन वायरी इतक्या लांबपर्यंत शेजारी असल्या की त्यांच्यात कपॅसिटन्स तयार होतो. मीटरला ५० पिकोफॅरड धरले तर एकूण १.५ नॅनोफॅरड. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण २.१ मेगाओहम, म्हणजे २३० व्होल्टमुळे आपल्या वायरीत सुमारे १०८ मायक्रोअँपिअर शिरतात.

हा करंट पुल-अपमधून जाताना त्याच्यावर व्होल्टेज पडतं. चिपच्या आतला पुल-अप ४० के चा धरू:

```
40k  : 108 µA × 40000 = 4.3 V
10k  : 108 µA × 10000 = 1.1 V
2.2k : 108 µA × 2200  = 0.24 V
```

हे आरएमएस आकडे आहेत, शिखर काढायला १.४ ने गुणायचं. ही चिप ५ व्होल्टवर चालताना ३ व्होल्टच्या वर असेल तरच खात्रीने १ वाचते, म्हणजे खाली यायला २ व्होल्टचीच सवलत आहे. ४० के वर शिखर ६ व्होल्टपर्यंत जातं, तेव्हा पिन प्रत्येक सायकलमध्ये खाली आदळणार. १० के वर १.५ व्होल्ट, म्हणजे काम भागतं पण काठावर. २.२ के वर फक्त ०.३४ व्होल्ट, तिथे काळजी उरत नाही.

बिघाड ओळखायची खूणही यातूनच मिळते. संध्याकाळी जिन्याचे दिवे लागले की टाकी अर्धी असतानाच पंप बंद पडत असेल, तर संशय इथेच घ्या. फ्लोट सुटा असताना पिन आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर एसी रेंजवर लावा. एखादा-दोन व्होल्ट दिसला तर वायर मेन्स उचलतेय. बोर्डाकडून केबल काढल्यावर त्रास थांबला, की शंका उरत नाही.

मुंबईत पावसाळ्याचाही हिशेब धरावा लागतो. गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये ओल गेली आणि दोन टोकांमध्ये ५० किलोओहमची गळती झाली, तर ४० के च्या पुल-अपवर पिनला २.८ व्होल्टच मिळतात. स्विच सुटा असूनही वाचन भरवशाचं राहत नाही. २.२ के वर त्याच गळतीत ४.८ व्होल्ट राहतात.

मग आणखी कमी का नको? स्विच मिटलेला असताना २.२ के मधून २.३ मिलिअँपिअर वाहतात. अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या कंट्रोलरला ते काहीच नाहीत, उलट साध्या काँटॅक्टवरचा हलका गंज फोडायला ते बरे पडतात. स्विचऐवजी LM393 सारखा कंपॅरेटर पिन खाली ओढणार असेल, तर मात्र त्याची ताकद बघावी लागते. तो ४ मिलिअँपिअरपर्यंत घेऊन ०.४ व्होल्टच्या आत राहतो, म्हणून ५ व्होल्टवर ४.६ भागिले ४, सुमारे १.१५ के च्या खाली जाऊ नये.

बॅटरीवर हिशेब एकदम पालटतो. दाराच्या सेन्सरमध्ये स्विच दिवसभर मिटलेला असतो. CR2032 सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा. ३ व्होल्टवर २.२ के मधून १.३६ मिलिअँपिअर गेले तर सेल आठवडाभरात संपेल, १० के वर महिनाभर. तिथे वायर इंचभर असेल तर काहीशे किलोओहम लावावेत. मात्र १ मेगाओहमवर पिनची ती १ मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा १ व्होल्ट खाऊ शकते, हे धरून चालावं.

१० के सगळे सांगतात, कारण बोर्डाजवळच्या बटणाला तो दोन्ही बाजूंनी मोकळा बसतो. तुमच्या ३० मीटरला मी २.२ के लावीन, तोही बोर्डाच्या बाजूला. त्याच्यापुढे पिनकडे जाताना १ के ओळीत आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड. हा कपॅसिटर मोटार चालू-बंद होतानाचे झटके गिळतो. ५० हर्ट्झवर त्याचा भरवसा नको, तिथे त्याचा अडथळा ३२ किलोओहम आहे, म्हणून पुल-अप कमी करावाच लागतो. अर्डुइनोऐवजी ESP32 बोर्ड वापरणार असाल तर ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नाहीच, `INPUT_PULLUP` लिहूनही त्या तरंगतच राहतात.

काउंटरवर ‘टू पॉईंट टू के, पाव वॉट’ मागा. सर्किटच्या चित्रात तोच 2K2 असा लिहिलेला असतो आणि अंगावर तीन लाल पट्टे, शेवटचा सोनेरी.