देवनागरी कीबोर्डला नाव देताना

प्रश्न: मी मोबाइलसाठी देवनागरी टाइप करणारे कीबोर्ड अ‍ॅप बनवले आहे. नाव काय ठेवू, म्हणजे यातून देवनागरी सहज लिहिता येते हे लोकांना बघताक्षणी कळेल?

उत्तर: माझे पहिले मत असे की, 'देवनागरी' हा शब्द नावात ठेवू नये. मी सोलापुरात राहतो. माझ्या कीबोर्डसाठी मी एका कागदावर काही नावे लिहून नव्या पेठेतल्या कापड दुकानांत दाखवली, तेव्हा 'देवनागरी' हे नाव वाचून एका काकांनी हे देवाच्या आरत्यांचे अ‍ॅप आहे का, असे मनापासून विचारले. लिपीचे नाव शाळेत शिकलेले असते, पण बोलताना लोक 'मराठीत टाइप करायचे आहे' असेच म्हणतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली मुलेसुद्धा, जी मराठी शाळेत शिकली आणि मित्रांना रोमन अक्षरांत मराठी लिहितात, तीही 'मराठी कीबोर्ड' हेच शब्द वापरतात. 'देवनागरी' हा शब्द खालच्या छोट्या वर्णनात जाऊ द्या. प्ले स्टोअरवर त्यासाठी ८० अक्षरांची जागा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ज्याला तुमचे अ‍ॅप हवे आहे, त्याच्या फोनमध्ये बहुतेकदा अजून मराठी अक्षरे टाइपच होत नाहीत, म्हणून तो शोधताना 'marathi keyboard' असे रोमन अक्षरांतच लिहिणार. नाव केवळ देवनागरीत ठेवले, तर ते त्याच्या शोधाच्या शब्दांशी अक्षरशः जुळत नाही. माझ्या मनात आधी 'काना' हे नाव होते. काना-मात्रेतला काना, लहान आणि गोड. पण रोमनमध्ये ते 'Kana' होते, आणि काना हे जपानी लिपीच्या अक्षरांचेही नाव असल्यामुळे शोधात जपानी कीबोर्डांची रांग समोर आली. ते नाव मी त्याच दिवशी सोडले. म्हणून प्रत्येक नाव तोंडी सांगून समोरच्याला ते रोमनमध्ये लिहायला लावावे. चार जणांनी चार प्रकारे लिहिले, तर ते नाव ऐकून शोधणाऱ्याला सापडणार नाही.

आता एक नाव शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, आपला शब्द 'लिहा' आहे. तो क्रिया सांगतो, आदरार्थी आहे आणि रोमनमध्ये बहुतेक जण तो 'Liha' असाच लिहितात. एकटा 'लिहा' मात्र वहीचे किंवा कवितांचे अ‍ॅपही असू शकतो, म्हणून मागे ओळख सांगणारे शब्द हवेत. प्ले स्टोअरवर शीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि 'Liha: Marathi Hindi Keyboard' मोकळ्या जागांसह २८ अक्षरांत बसते. मराठी भाषेतल्या नोंदीसाठी 'लिहा: मराठी कीबोर्ड' ठेवता येईल, मोजताना लक्षात असू द्या की युनिकोडमध्ये मात्रा आणि हलन्त स्वतंत्र धरले जातात, त्यामुळे 'कीबोर्ड' दिसायला तीन अक्षरांचा असला, तरी मोजणीत सात भरतो. नुसते 'मराठी कीबोर्ड' ठेवण्याचा मोह आवरा, कारण केवळ वर्णन करणाऱ्या शब्दांना ट्रेड मार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार सहसा नोंदणी मिळत नाही.

'सोपे' किंवा 'Easy' हा शब्द नावात घालावा का? माझ्या मते नाही. सहजता दाखवायची जागा वर्णनाची पहिली ओळ आहे: 'mi aloy लिहा, मी आलोय उमटेल' एवढे वाचले की टाइप कसे होते, हेच समोर दिसते. शिवाय नावात सोपेपणाचा दावा केला आणि 'दुसऱ्या' लिहिताना रफार येऊन 'दुसर्या' उमटला, किंवा 'ळ' कुठे आहे तेच सापडेना, तर लोक त्याच शब्दावर बोट ठेवून तक्रार लिहितात.

एक जागा जवळजवळ सगळेच विसरतात. अँड्रॉइडवर कीबोर्ड बसवून काम संपत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, आणि तिथे तो तुम्ही टाइप केलेला मजकूर गोळा करू शकतो, अशी सूचना येते. त्या यादीत स्टोअरमधले लांब शीर्षक दिसत नाही, तर अ‍ॅपमधले लेबल दिसते. तिथे नुसते 'Liha' असेल, तर आपण हेच घेतले होते का, असा संशय येऊन माणूस मागे फिरतो. म्हणून लेबल असे ठेवा:

```xml
<string name="app_name">Liha मराठी</string>
```

हे मूळ `values` फोल्डरमध्येच लिहा, केवळ `values-mr` मध्ये नको, कारण मराठी लिहिणाऱ्या पुष्कळ लोकांचा फोन इंग्रजीतच असतो. कीबोर्डच्या सर्व्हिसला मॅनिफेस्टमध्ये वेगळे `android:label` दिले असेल, तर यादीत तेच दिसते. तिथेही हेच नाव द्या. मग अ‍ॅप न पाहिलेल्या एखाद्या माणसाला ती यादी उघडून द्या आणि 'यातला मराठीचा कोणता?' एवढेच विचारा.